पासष्ट पाकिटांचा हिशेब

काकू, नमस्कार.

मी २९ वर्षांची. नवरा जाऊन चौदा महिने झाले. त्यांची चहाची गाडी मार्केट यार्डाच्या बाहेर आहे, ती आता मी चालवते. परवाना आणि क्यूआर अजून त्यांच्याच नावाचा आहे. मुलगी सहा वर्षांची.

धंदा होतो, पण महिनाअखेरीला दूधवाल्याला थांब म्हणावं लागतं. त्यांच्या आजारपणात तिघांकडून घेतलेले हातउसने ४५,००० होते, त्यातले ३१,००० राहिलेत. सगळे फेडीन असं मी तेराव्याला सांगितलंय. शिवाय डेलीवाल्याचे २०,००० आहेत, हातात १७,००० आले, रोज २०० देते. दोनदा सत्तर दिवसांनी फिरवून घेतलं, आता तिसरं चालू आहे, चाळीस दिवस झाले. दीर म्हणतात, गाडी आम्हाला दे, महिन्याला दहा हजार घे आणि घरी बस. माहेरी काही सांगितलेलं नाही.

रोजचा गल्ला साधारण २,१००, चहा दहा रुपये, म्हणजे २१० कप. दूध १० लिटर ६००, पावडर ११०, साखर ६०, आलं ३०, गॅस २००. महिन्याचे २६ दिवस. कपांची महिन्याला ६५ पाकिटं, शंभरचं एक, २,९२५. भाडं ६,०००, किराणा ७,०००, शाळा-रिक्षा २,०००, लाइट-फोन १,०००, डेली ६,०००, उसने ४,०००.

मदत नको आहे. हिशेब तपासून कुठे चुकतंय तेवढं सांगा. उत्तराच्या टपालाला दहाची नोट ठेवली आहे.

— एक चहावाली, पुणे

*

ताई,

वयाने तुम्ही माझ्या लेकीएवढ्या, पण गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला मी अहो-जाहोच करते. एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात चोवीस वर्षं काढली, त्यातली निम्मी वसुलीत. तिथली सवय आहे ही.

बेरीज-वजाबाकी दोनदा करून पाहिली, तुमची कुठेही चूक नाही. दिवसाला अकराशे सुटतात, सव्वीस दिवसांचे २८,६००, कपांचे वजा केले की २५,६७५. खर्च २६,०००. म्हणजे कागदावर सव्वातीनशेच कमी. मग दूधवाल्याला थांबवण्याइतकी ओढ कशाने होते? पान पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की त्यावर तुम्ही स्वतः कुठेच नाही. मुलीची रिक्षा आहे, तुमची चप्पल नाही. औषधाची गोळी नाही, सणाला साडी सोडा, साधा ब्लाउजपीस नाही, फोन बिघडला तर काय तेही नाही. दीड-दोन हजार तिथेच जातात, कारण न लिहिल्याने खर्च व्हायचा थांबत नाही. त्या पानात आजपासून एक ओळ घाला, ‘मी’ म्हणून, आणि तिथे दोन हजार लिहा. मग पान खरं बोलायला लागेल.

आता कपांकडे येऊ. पासष्ट पाकिटं म्हणजे साडेसहा हजार कप. सव्वीस दिवसांनी भागले तर रोजचे अडीचशे. आणि तुम्ही लिहिता दोनशे दहा. हे दोनशे दहा कप तुम्ही मोजलेले नाहीत, गल्ल्याला दहाने भागून काढलेत, हो ना? मोजले असते तर असा गोल आकडा आला नसता.

अडीचशे कप गेले म्हणून अडीचशे चहा गेले असं मी म्हणत नाही. कोणी गरम लागतं म्हणून कपात कप घालून घेतं, काही पाकिटातच चेपलेले निघतात, एखादी चळत वाऱ्याने रस्त्यावर पडते. म्हणून दुसऱ्या बाजूने पडताळलं. दहा लिटर दुधात तुम्ही तेवढंच पाणी घालत असाल असं धरते, पावडरच्या प्रमाणावरून तसंच दिसतं. वीस लिटरातून उकळताना आटलेलं आणि चोथ्यात अडकलेलं मिळून अडीच लिटर सोडून दिलं तर साडेसतरा लिटर चहा उरतो. पाऊणशे मिलिलिटरचा कप भरला तरी दोनशे तीसच्या पुढे जातो. तुमचा कप याहून मोठा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग एवढे कप लागले नसते. दुधाचा आणि कपांचा, दोन्ही हिशेब एकच सांगतात. रोज वीस-पंचवीस चहा गाडीवरून जातात आणि त्यांचे पैसे गल्ल्यात येत नाहीत. सरासरी बावीस धरले तरी महिन्याला ५,७०० रुपये होतात.

ते कुठे जातात हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. पत्रात उधारीचा एक शब्द नाही. यार्डाच्या दारातली चहाची गाडी, हमाल, टेम्पोवाले, आडत्यांकडची पोरं, आणि उधारी नाही, हे कसं पटावं? उधारी आहे, पण वहीत नाही, डोक्यात आहे. मागायची वेळ आली की तुम्ही पातेल्याकडे वळत असाल. नवरा असताना मागणं त्याचं काम होतं आणि तो हसत मागायचा. तुम्ही मागितलं की ‘बिचारीला गरज पडली’ असं समोरच्याच्या तोंडावर दिसतं, आणि ते पाहण्यापेक्षा दहा रुपये गेलेले परवडतात. माझ्या आईची खानावळ होती. तिलाही मागता यायचं नाही. महिन्याच्या दोन तारखेला ती आमटी वाढताना डबेवाल्या पोरांना उगाच हवापाण्याचं विचारत राहायची.

तिच्याकडे शेवटी जो उपाय निघाला तोच सांगते. वही तुमच्या हातात ठेवू नका. गाडीच्या ज्या बाजूला गिऱ्हाईक उभं राहतं तिथे एका दोरीला बांधून ठेवा, पेन्सिलीसकट. एकेका माणसाला एक पान. ‘नंतर देतो’ म्हटलं की मान वर न करता एवढंच म्हणायचं, ‘लिहा.’ लिहिणारा तो, त्यामुळे मागणारा कोणी उरत नाही. पान दहा चहांचं. दहा रेघा झाल्या की पान भरलं, नवं पान शंभर रुपये जमा झाल्यावर. हा नियम तुम्ही तोंडाने सांगायचा नाही, वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवायचा. काही जण यायचे बंद होतील. पंधरा दिवसांनी पाहा, बंद झालेल्यांमध्ये पैसे देणारा एकही नसेल.

काही चहा उधारीचेही नसणार. कोणी म्हातारा हमाल असेल, रात्रपाळीचा वॉचमन असेल, नवरा ज्यांना फुकट द्यायचा त्यांना तुम्हीही देत असाल. ते बंद करा असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. फक्त मोजा. दूध, पावडर, साखर, आलं, गॅस आणि कप मिळून एका चहाला तुमचे पावणेपाच-पाच रुपये लागतात. रोज पाच चहा फुकट दिले तर महिन्याला साडेसहाशे होतात, आणि तेवढं तुम्हाला झेपेल. दहा झाले की झेपणार नाही. वहीच्या मागच्या पानावर ‘त्यांचे’ असं लिहा आणि रोज पाच रेघांवर थांबा.

आठवडाभर एक काम करा. सकाळी गाडी लावताना पाकिटं मोजून ठेवा, रात्री उरलेले कप मोजा. चहा मोजायला गेलात तर पाचव्या गिऱ्हाइकाला विसराल, कप विसरत नाहीत. गेलेले कप, त्यातून फाटलेले आणि दुहेरी वजा, मग गल्ल्यातली रोख आणि फोनवर आलेले पैसे, आणि वहीतल्या रेघा. तिन्ही जुळले नाहीत तर चौथी वाट आहे, ती पुढे क्यूआरपाशी सांगते.

डेलीवाल्याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण तुमचा खरा रक्तस्राव तिथे आहे आणि तो दिसत नाही अशाच रीतीने बांधलेला असतो. सतरा हजार हातात, वीस हजार परत, म्हणजे तीन हजार वर. ऐकायला सतरा-अठरा टक्के वाटतात. पण ते सतरा हजार शंभर दिवस तुमच्याकडे राहिले कुठे? पहिल्याच संध्याकाळपासून दोनशे-दोनशेने परत जायला लागले. सरासरी काढली तर शंभर दिवसांत तुमच्याकडे त्याचे साधारण साडेआठ हजारच होते. साडेआठ हजारांना तीन हजार व्याज, तेही सव्वातीन महिन्यांचं. वर्षाच्या भाषेत शेकडा सव्वाशेच्या वर. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना असलेल्या सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण दिलेल्या कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा तर गुन्हाच आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. हे तुम्हाला भांडायला सांगत नाही. पण उद्या तो गाडीपाशी येऊन आवाज चढवायला लागला तर आपल्या बाजूला काय आहे हे ठाऊक असावं. आणि रोजच्या दोनशेची सही त्याच्या कार्डावर होते, तशी तुमच्या वहीतही घ्या.

याहून वाईट म्हणजे ‘फिरवून घेणं’. सत्तराव्या दिवशी तुम्ही चौदा हजार भरलेले होते, सहा राहिले होते. त्याने नवे वीस दिले म्हणजे काय केलं? तीन आधी कापले, सहा जुन्याचे वळते केले, तुमच्या हातात अकरा ठेवले. अकरा हजारांसाठी तुम्ही पुन्हा वीस हजारांच्या खाली गेलात. त्यातही त्या जुन्या सहा हजारांचं व्याज तुम्ही पहिल्याच दिवशी दिलेलं होतं, तरी त्याच पैशावर पुन्हा कापणी झाली. दर सत्तर दिवसांनी असं फिरवत राहिलात तर वर्षात पाच फेऱ्या होतात, आणि पंधरा हजार नुसते कापण्यात जातात. तुमच्या दोन महिन्यांच्या किराण्याहून हजार जास्त, एवढे. आमच्या पतसंस्थेत अशा बायका यायच्या. ‘अहो, मी तर एकही दिवस चुकवला नाही,’ असं अभिमानाने सांगायच्या. डेलीवाल्याला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं, रोज देणारं आणि कधीच न संपणारं.

तर तिसरं कर्ज फिरवायचं नाही. साठ दिवस राहिलेत, बारा हजार. कोणी म्हणेल एकदम फेडून मोकळी हो. तसं करू नका. व्याज त्याने आधीच कापून घेतलंय, लवकर फेडून तुम्हाला एक रुपया परत मिळणार नाही. दोनशे दोनशेने जाऊ द्या, शेवटच्या दिवसापर्यंत. शंभराव्या दिवशी कार्डावर ‘पूर्ण’ लिहून सही घ्या आणि कोऱ्या कागदावर किंवा धनादेशावर काही दिलेलं असेल तर तिथल्या तिथे परत मागा.

साठ दिवस तग धरायचा कसा, हा प्रश्न राहतो. मागच्या दोन्ही वेळी सत्तराव्या दिवसाच्या आसपास काहीतरी झालं असणार. सिलिंडर संपला आणि भरलेला नव्हता, किंवा शाळेची फी आली. तेवढ्या धक्क्यासाठी चार-पाच हजार बाजूला असते तर फिरवायची वेळच आली नसती. म्हणून वहीच्या उधारीतून जे शंभर-दीडशे रोज जास्तीचे यायला लागतील ते गल्ल्यात मिसळू देऊ नका. घरी डब्यात टाका. आणि दोन महिने उसन्यांचे चार हजार दोनवर आणा.

हे वाचून तुम्ही नाही म्हणणार. तेराव्याला चार माणसांत बोललात. म्हणून आधी एक गोष्ट सांगून ठेवते. नवऱ्याच्या कर्जाला बायको स्वतःच्या कमाईतून बांधील नसते. त्याच्या मागे जी मालमत्ता तुमच्याकडे आली तिच्या किमतीपुरतीच ती जबाबदारी येते, तुम्ही स्वतः जामीन म्हणून सही केली असेल तर मात्र वेगळं. तुमच्याकडे मागे राहिली ती एक गाडी आणि पातेली. तरीही तुम्ही चौदा हजार फेडलेत. ते तिघंही हे जाणून असतील, म्हणजे तुमचा शब्द त्यांच्याकडे आधीच बराच जमा आहे. दोन महिने कमी येतील हे सांगायला त्यांच्या घरी जाऊ नका, गाडीवर आले की चहा हातात देताना सांगा: ‘या आणि पुढच्या महिन्यात निम्मे येतील, त्याच्यापुढे पहिल्यापेक्षा जास्त.’ कारण सांगू नका. कारण सांगायला लागलं की विनंती वाटायला लागते.

आणि तिघांकडून एकेक कागद घ्या. कधी दिले, किती दिले, किती परत आले, खाली त्यांची सही. वडील गेले तेव्हा आमच्या दारात पाच जण आले होते. आईने कोणालाच नाही म्हटलं नाही. चहा दिला, एकेकापुढे वही ठेवली आणि म्हणाली, ‘तारीख आणि रक्कम तेवढी लिहून जा, पोरांना पुढे कळायला हवं.’ तिघांनी लिहिलं. दोघं चहा पिऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. तुमचे तिघं खरेच असतील, पण आजारपणाच्या धावपळीत कोणी किती दिले हे त्यांनाही नीट आठवत नसेल.

डेली संपली की महिन्याला सहा हजार मोकळे होतात. तेव्हा उसन्यांना सहा द्या. आधीच्या दोन महिन्यांत चार गेलेले, सत्तावीस राहिलेले, साडेचार-पाच महिन्यांत तो विषय संपेल. आत्ताच्या चालीने चार-चार देत राहिलात तर आठ महिने लागतात, आणि मध्ये एकदा फिरवून घेतलं तर किती ते कोणी सांगू नये.

दिरांच्या दहा हजारांवर फार शाई घालवत नाही. त्यांच्या मनात वाईट असेल असं मी गृहीत धरत नाही. कदाचित भावाच्या बायकोला पहाटे साडेचारला रस्त्यावर उभं राहावं लागतं याचीच लाज वाटत असेल. पण परवान्याचं सांगते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात लिहिलेलं आहे की प्रमाणपत्र असलेला विक्रेता वारला तर त्याच्या जागी, प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंत, कुटुंबातलं माणूस बसू शकतं, आणि त्यात पहिला हक्क जोडीदाराचा, मग अवलंबून असलेल्या मुलांचा. दिराचा क्रम तिथे नाही. आणि प्रमाणपत्र कोणालाही हस्तांतरित करता येत नाही, भाड्यानेसुद्धा नाही. महिन्याला दहा हजार घेऊन घरी बसणं याला कायद्याच्या भाषेत भाडंच म्हणतात. उद्या कोणी तक्रार केली तर परवाना तुमचाही जाईल आणि त्यांचाही होणार नाही. दिरांना हेच सांगा, ते तुमच्या नकारापेक्षा त्यांना सोपं जाईल. ‘भाऊजी, माझी इच्छा असली तरी देता येत नाही.’ एवढं खोटं चालतं.

पण त्याआधी कागद करा. तुमच्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या: मृत्यूचा दाखला, नवऱ्याचं मूळ प्रमाणपत्र, दोघांचं आधार, रेशनकार्ड, विवाह नोंदणी झाली असेल तर ती, आणि गाडीवर तुम्ही उभ्या असलेला फोटो. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तो शिक्का असलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या खणात ठेवा. कोणी विचारायला आलं तर वाद घालण्यापेक्षा तो पुढे करणं बरं. प्रमाणपत्राची मुदत कधी संपते तेही त्याच दिवशी पाहून घ्या. संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज सोबतच द्या.

मग क्यूआर. स्कॅन केलं की गिऱ्हाइकाच्या फोनवर नवऱ्याचं नाव येतं. दिवसातून शंभर माणसं ते नाव वाचतात. तुम्ही ते का बदललं नाही हे मला विचारायचं नाही. पण ते खातं त्याचं आहे. बँकेला त्याच्या मृत्यूची नोंद कळली की खात्यातले व्यवहार थांबतात, आणि त्या दिवशी यंत्र ‘दहा रुपये मिळाले’ म्हणेनासं होईल ते भर गर्दीत. वर ज्या चौथ्या वाटेबद्दल म्हटलं ती हीच. त्या खात्यातून आपोआप कापून जाणारा एखादा जुना हप्ता किंवा विम्याचा प्रीमियम असेल तर तुमचा चहा तिथे जातोय. मृत्यूचा दाखला आणि वारसदाराचं नाव लावलेलं असेल तर त्यावरून दाव्याचा अर्ज भरून त्यातली शिल्लक स्वतःच्या खात्यात आणा, त्याआधी पासबुक भरून घ्या आणि चौदा महिन्यांच्या वजा रकमा एकेक वाचा. विम्याचा हप्ता सापडला तर उलट बरं, म्हणजे पॉलिसी आहे आणि तिचा दावा तुम्ही केलेला नाही. जुना स्टिकर काढून फेकू नका, वहीच्या कव्हरच्या आत चिकटवा.

स्वतःचं खातं, स्वतःच्या नावाचा क्यूआर आणि महापालिकेचा कागद एवढं झालं की पीएम स्वनिधीचा अर्ज करता येतो. २०२० साली ही योजना आली तेव्हा पहिलं कर्ज १०,००० पर्यंत होतं, आता १५,००० पर्यंत आहे. तारण नाही. वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज सवलत खात्यात परत येते आणि पुढचं मोठं कर्ज मिळायची वाट उघडते. वर्षाच्या मुदतीत महिन्याचा हप्ता साडेतेराशेच्या आसपास बसेल, बँकेच्या दराप्रमाणे थोडा इकडेतिकडे. डेलीचे सहा हजार आणि हे साडेतेराशे शेजारी ठेवून पाहा. बँकेला वेळ लागतो, एखादा कागद परत येतो, त्यामुळे डेली संपायच्या आत ते पैसे हातात पडतील या भरवशावर राहू नका. मिळाले की मात्र उसन्यांना देऊ नका. दुसरा सिलिंडर भरून ठेवा, पावडर आणि साखर महिन्याची एकदम घ्या, बाकी डब्यात. धंद्याचं कर्ज धंद्यातच राहिलं तर त्याचा हप्ता तोच धंदा भरतो.

आणि माहेर. तिथे काय सांगायचं ते मी सांगणार नाही. पण दिवाळीला गेलात तर स्वतःची जुनी साडी नेसून जाऊ नका एवढं मात्र त्या ‘मी’च्या ओळीतून करा. आई बघते हो.

आठवडाभराचे कपांचे आकडे लिहून पाठवा, म्हणजे पुढचं सांगते. टपालाला नोट ठेवू नका. हे उत्तर छापून आलं, त्याला तिकीट लागलं नाही, तेव्हा मागची दहाची तुमच्या पानावर जमा आहे.

— काकू